थेरपीची बिलं परत का येतात? ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि विमा

सातवीण
मुलगा ६ वर्षांचा, ऑटिझम. आठवड्याला ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी ३ वेळा, स्पीच २ वेळा, स्पेशल एज्युकेटर २ वेळा. सगळं एकाच केंद्रात, महिन्याचे १८,००० एकत्र घेतात. नवऱ्याच्या नोकरीतून गट विमा आहे, त्यात ओपीडीसाठी वर्षाला २५,००० आहेत. तीन महिन्यांची मिळून ५४,००० ची बिलं टाकली होती, सगळी परत आली. कारणं दोन लिहिली आहेत: Excl05 हे वगळण्याचं कलम, रिहॅबिलिटेशन, आणि बिलात तपशील नाही. आमची स्वतःची सगळ्या कुटुंबाची मिळून ५ लाखांची फ्लोटर पॉलिसीही आहे, तिच्यातून काही निघतं का? ऑटिझम चालतो असं एजंट म्हणाला होता.

पाटीपेन्सिल
कंपनीने तुम्हाला सरळ टोलवलंय. सप्टेंबर २०१९ मध्ये आयआरडीएआय या विमा नियामकाने वगळण्याच्या कलमांचं प्रमाणीकरण केलं, तेव्हाच मानसिक आजार, वर्तनाचे आणि मेंदूच्या विकासाचे विकार, वाचा-भाषेचे दोष ही नावं घेऊन ते पॉलिसीतून बाद करायला बंदी घातली. म्हणजे ऑटिझम बाद करता येत नाही, म्हणजे थेरपीचे पैसे द्यावेच लागतात. थेट विमा लोकपालाकडे जा.

दावेदार
पाटीपेन्सिल, बंदीचं बरोबर, पण 'थेरपीचे पैसे द्यावेच लागतात' हे त्यातून निघत नाही. 'अमुक आजार बाद' असं कंपनीला लिहिता येत नाही, एवढंच २०१९ च्या नियमांनी केलं. पण पॉलिसी कशासाठी पैसे देते हे वेगळ्या पानावर असतं. तिथे 'हॉस्पिटलायझेशन' म्हणजे किमान सलग २४ तास आंतररुग्ण म्हणून दाखल होणं, किंवा डे-केअरमधली प्रक्रिया. मुलगा केंद्रात जातो, ४५ मिनिटं झोपाळ्यावर आणि बॉलवर काम करतो आणि घरी येतो. हे दाखल होणं नाही. त्यामुळे साध्या फ्लोटरमधून ही थेरपी निघत नाही. मूल ऑटिझमचं असो की गुडघा मुरगळलेलं, ओपीडीची फिजिओ दोघांनाही तशीच नाकारतात. तिथे भेदभाव शोधून वेळ जाईल.

एजंट 'ऑटिझम चालतो' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की ऑटिझम असलेल्या मुलाला न्यूमोनिया झाला किंवा फिट आल्या आणि दाखल करावं लागलं, तर नुसतं ऑटिझम आहे म्हणून क्लेम थांबवता येत नाही. हेही काही कमी नाही, पण थेरपी यात येत नाही.

गट विम्याचा प्रश्न मात्र वेगळा. तिथे ओपीडी घेतलेली आहे, म्हणून 'दाखल नव्हता' हे कारण लागत नाही. तिथे Excl05 लावलंय हे मला खटकतं. त्या कलमाच्या मथळ्यात 'रिहॅबिलिटेशन' शब्द आहे, पण खालचा मजकूर वाचा. तो मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी झालेल्या अॅडमिशनचा खर्च, आणि अंघोळ-कपडे अशा रोजच्या कामांत मदत करणारी देखभाल याबद्दल आहे. म्हणजे मजकूर दाखल होण्याबद्दल आहे. बाहेरून येऊन घेतलेल्या स्पीच सेशनला तो लावणं म्हणजे मथळा वाचून शिक्का मारणं. तक्रारीत मी हेच एक वाक्य लिहीन.

पण त्याआधी एचआरकडून ओपीडीच्या कलमाची प्रत मागा, ब्रोकरने बनवलेली रंगीत पत्रिका नको. काही गटांत ओपीडी म्हणजे फक्त डॉक्टरांची फी, तपासण्या आणि औषधं. थेरपीचा शब्दच नसेल तर Excl05 चुकीचं असूनही पैसे येणार नाहीत, नकाराचं कारण फक्त बदलेल.

सुपारीकर
काळजी करू नका ताई, ८०डीडी आहे ना. ४० टक्के आणि वर अपंगत्व असेल तर ७५,००० वजावट, ८० टक्के आणि वर असेल तर १,२५,०००. खर्चाच्या पावत्याही जोडाव्या लागत नाहीत. त्यातूनच थेरपी निघते.

दावेदार
काका, ती आयकराची वजावट आहे, विमा नव्हे. तीही जुन्या करप्रणालीत. ती ठरावीक रकमेची आहे म्हणून पावत्या लागत नाहीत, पण ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सीसाठी फॉर्म १०-आयए मधलं प्रमाणपत्र लागतं. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ७५,००० वर साधारण १५,००० कर वाचतो. घ्यावीच, पण सातवीणताईंचं बिल परत येण्याशी तिचा संबंध नाही.

सातवीण
एचआरकडून प्रत आली. 'कन्सल्टेशन, डायग्नॉस्टिक्स, फार्मसी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी व इतर थेरपी' असं आहे. मग बिलाचं काय करू? केंद्र म्हणतं, आम्ही सगळ्यांना असंच देतो.

दावेदार
'इतर थेरपी' आणि 'डॉक्टरांनी लिहून दिलेली', दोन्ही शब्द तुमच्या कामाचे. दुसऱ्या शब्दावर बरेच क्लेम पडतात. बिल एप्रिलचं आणि चिठ्ठी जूनची असेल तर तपासणारा एप्रिल-मे कापतो. चिठ्ठी आधीची हवी आणि तिच्यात निदान, कोणती थेरपी, आठवड्यातून किती वेळा, किती महिने, एवढं हवं. नुसतं 'ओटी चालू ठेवा' पुरत नाही. बालरोगतज्ज्ञ, बालन्यूरॉलॉजिस्ट किंवा डेव्हलपमेंटल पिडिअॅट्रिशियनकडून दर सहा महिन्यांनी ताजी चिठ्ठी घेत चला.

आता बिल. 'मासिक शुल्क १८,०००' या ओळीत तपासणाऱ्याला काय दिसतं? शाळेची फी. त्यातून तो काही वेगळं काढू शकत नाही, म्हणून सगळंच परत पाठवतो. केंद्राकडून तीन वेगळी बिलं मागा, प्रत्येक थेरपीचं एक. ओळ अशी हवी:

'ऑक्युपेशनल थेरपी, ४५ मिनिटं, दि. ३, ५, ७, १०, १२, १४, १७, १९, २१, २४, २६, २८ = १२ सेशन × ७०० = ८,४००. थेरपिस्टचं नाव, नोंदणी क्रमांक, सही.'

खाली पावती क्रमांक आणि पैसे कसे दिले ते. मूल आलं नाही त्या दिवसाचे पैसे केंद्र घेत असेल तर ते या बिलात नकोत. गैरहजेरीचा दिवस हजेरीपत्रकात सापडला की तपासणारा उरलेल्या तारखाही संशयाने बघतो. नोंदणी फी, साहित्याची फी, वार्षिक कार्यक्रमाचे पैसे हेही वेगळ्या पावतीवर.

लोकरीचा गुंडा
मी ओटी आहे, म्हणून नोंदणी क्रमांकाबद्दल. टीपीएची, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेची, माणसं सर्रास 'आरसीआय नंबर द्या' म्हणतात आणि तो नाही म्हणून ओटीचं बिल अडवतात. आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर यांची नोंद असते. ओटी आणि फिजिओ तिथे नसतातच. महाराष्ट्रात आमची नोंद राज्याच्या ओटी-पीटी परिषदेकडे असते. बिलावर तो क्रमांक परिषदेच्या नावासकट छापून घ्या आणि शंका आलीच तर एका ओळीचं उत्तर द्या: 'या व्यवसायाची नोंदणी आरसीआयकडे होत नाही.' मी अशी पत्रं देते, दुसऱ्यांदा विचारणा झालेली नाही.

खरी अडचण एबीए, म्हणजे वर्तनावर काम करणाऱ्या थेरपीच्या थेरपिस्टची. परदेशी प्रमाणपत्र असतं, पण इथल्या कुठल्याच परिषदेचा क्रमांक नसतो. केंद्रात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल आणि काम खरोखर त्यांच्या देखरेखीखाली होत असेल, तर बिल त्यांच्या सहीने निघू शकतं. खरोखर होत असेल तरच. सही उसनी घेतलेली फोनवर कळते.

पाटीपेन्सिल
आणि स्पेशल एज्युकेटर? ते आरसीआयला नोंदलेले असतात, म्हणजे त्यांचं बिल पास व्हायला हवं.

दावेदार
नोंदणी असूनही तिथे 'हे शिक्षण आहे, उपचार नाही' म्हणून अडवतात. यावर मतं दोन्ही बाजूंनी आहेत आणि मला दोन्हीत तथ्य दिसतं. पण सातवीणताईंनी हा वाद घालायची गरजच नाही. हिशोब करा: ओटी १२ × ७०० = ८,४००, स्पीच ८ × ७०० = ५,६००, एज्युकेटर ८ × ५०० = ४,०००. एज्युकेटर सोडला तरी महिन्याला १४,००० होतात, म्हणजे २५,००० ची मर्यादा दुसऱ्या महिन्यातच भरते. वादातलं बिल त्याच फाइलमध्ये घातलं तर बिनवादाची दोन्हीही अडकून बसतात. ते टाकूच नका.

तिसरा_डबा
धाग्याशी थोडं वेगळं, पण विचारतो. मुलगी ७ वर्षांची, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, पाय ताठ, चवड्यांवर चालते. दोन्ही पायांच्या टाचेची शीर लांबवायची शस्त्रक्रिया ठरली आहे. नंतरची फिजिओ तरी मिळेल ना? पॉलिसी चार वर्षं जुनी, तिचं नाव पहिल्यापासून आणि सीपी लिहून दिलेली आहे.

दावेदार
वेगळं अजिबात नाही. साध्या पॉलिसीतून थेरपीचे पैसे मिळण्याची जवळजवळ हीच एक वाट आहे: शस्त्रक्रियेनंतरच्या 'पोस्ट-हॉस्पिटलायझेशन' दिवसांत, त्याच कारणासाठी, सर्जनने लिहून दिलेली फिजिओ. आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो, तुमची चार वर्षं झाली आहेत, म्हणजे तेही कारण उरलं नाही.

पण दिवस मोजा. समजा ८ जूनला शस्त्रक्रिया, १० जूनला डिस्चार्ज. अनेक पॉलिसींत नंतरचे ६० दिवस असतात, म्हणजे ९ ऑगस्टपर्यंत. टाचेच्या शिरेनंतर प्लॅस्टर साधारण सहा आठवडे, ते निघणार २० जुलैला. घोट्याची खरी फिजिओ तेव्हा सुरू होते आणि मुदतीत उरतात २० दिवस. आठवड्याला ५ सेशन, ६०० रुपये धरले तर १४ सेशनचे ८,४०० मिळतील. तीच पॉलिसी ९० दिवसांची असेल तर मुदत ८ सप्टेंबरपर्यंत जाते, ३५ सेशन बसतात, २१,०००. सीपीच्या मुलासाठी पॉलिसी निवडताना लोक खोलीभाडं बघतात, हा आकडा कुणी बघत नाही.

प्लॅस्टर असतानाही मांडी आणि नितंबाचे व्यायाम सर्जन सांगतात. ते डिस्चार्ज समरीत लिहून घ्या, 'प्लॅस्टर काळात आठवड्याला २, प्लॅस्टर निघाल्यावर आठवड्याला ५, एकूण १२ आठवडे' असं. मग मधले आठवडे वाया जात नाहीत. समरीत नसेल आणि नंतर वेगळी चिठ्ठी आणली, तर 'ही तर सीपीची नेहमीची फिजिओ आहे, शस्त्रक्रियेशी संबंध नाही' म्हणतात. आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यापर्यंत त्याच थेरपिस्टकडे जात असाल तर त्यांना असं म्हणायला जागाही मिळते. म्हणून नंतरच्या बिलावर 'सीपी' एवढंच निदान नको. 'दोन्ही टाचांच्या शिरांच्या शस्त्रक्रियेनंतर' असं हवं.

तिसरा_डबा
पायात घालायचे, घोट्याला आधार देणारे एएफओ? प्लॅस्टर निघाल्यावर जोडी लागेल म्हणालेत.

दावेदार
बहुतेक वेळा नाही. देय नसलेल्या वस्तूंची एक प्रमाणित यादी आहे, त्यात स्प्लिंट, गुडघ्याचे ब्रेस, चालण्याची साधनं आहेत आणि एएफओला त्याच रांगेत बसवतात. कंपनीने अशा वस्तूंसाठी जादा कव्हर दिलं असेल तरच. नाहीतर समाजकल्याण किंवा दिव्यांगांना साधनं देणाऱ्या एडिप योजनेतून प्रयत्न करा.

एक शब्द मात्र सांभाळा. समरीत कनिष्ठ डॉक्टर सवयीने 'जन्मतः' लिहितात. तपासणारा त्यावरून जन्मजात व्यंगाचं कलम काढतो. सीपी अनेकदा जन्माच्या आसपास मेंदूला झालेल्या इजेमुळे होते, दिवस भरण्याआधीचं बाळ किंवा प्राणवायू कमी पडणं. ते जे खरं असेल ते बालन्यूरॉलॉजिस्टकडून लिहून घ्या.

निशिगंध
निरामयबद्दल अजून कुणी बोललं नाही? नॅशनल ट्रस्टची योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी. बाहेरून घेतलेली थेरपी ज्यात उघड शब्दांत लिहिली आहे असा हा मुख्य विमा. नव्या नोंदणीचे दारिद्र्यरेषेखाली २५०, वर ५००. नूतनीकरण ५० आणि २५०.

'एक लाख' ऐकून मात्र हुरळू नका. तो लाख कप्प्यांत वाटलेला आहे: शस्त्रक्रिया, दाखल होणं, ओपीडी, थेरपी, पर्यायी उपचार, प्रवास. मोठा कप्पा शस्त्रक्रियेचा. थेरपीचा कप्पा संपला की शस्त्रक्रियेचे पडून असलेले पैसे थेरपीला वळवता येत नाहीत. नोंदणीच्या वर्षाचा तक्ता ट्रस्टच्या संकेतस्थळावरून छापून फाइलला लावा.

वर्ष एप्रिल ते मार्च. जानेवारीत नोंदणी केलीत तर त्या वर्षाचे तीन महिनेच हातात येतात. म्हणून मार्चमध्ये घाई करण्यापेक्षा एप्रिलच्या सुरुवातीला करा, आणि नूतनीकरण मात्र मार्चअखेरच्या आधी. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राशिवाय नोंदणी होत नाही. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज swavlambancard.gov.in वर. प्रमाणपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षराला अक्षर जुळवा. तिथेच पैसे सर्वाधिक अडकतात, आणि ते अडकलेत हे कुणी कळवतही नाही.

सातवीण
म्हणजे गट विम्याचे २५,००० आणि निरामय दोन्हीकडे तीच बिलं देऊ?

निशिगंध
तीच नाही. एक सेशन एकदाच. महिने वाटून घ्या: एप्रिल-मेची गट विम्यात, जूनपासूनची निरामयमध्ये. एकच बिल दोघांत विभागायचं असेल तर पहिल्याकडून किती मंजूर झालं त्याचं पत्र आणि साक्षांकित प्रती लागतात. थेरपीच्या छोट्या बिलांसाठी तो उपद्व्याप नको.

कोवळं_ऊन
माझ्या भाच्याला ऑटिझम नाही, 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले' लिहिलंय. साडेतीन वर्षांचा. निरामय मिळेल?

निशिगंध
त्या निदानावर नाही. डिले, एडीएचडी, नुसता बोलण्यातला उशीर, अक्षरं उलट लिहिणं, हे त्या चार गटांत नाहीत. डिले हे लहान वयासाठीचं तात्पुरतं नाव असतं. पाच वर्षांच्या आसपास पुन्हा तपासणी होते, तेव्हा बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम ठरलं तर प्रमाणपत्र आणि निरामय दोन्ही. तोवर जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसी या लहान मुलांच्या लवकर उपचाराच्या केंद्रात चौकशी करा, तिथे ओटी-स्पीच मोफत असते. थेरपिस्टच्या जागा किती भरलेल्या आहेत त्यावर रांग ठरते.

सुपारीकर
एका ओळखीच्यांनी सांगितलं, २४ तास अॅडमिट करा आणि आतच थेरपी घ्या, मग क्लेम बसतो. स्टेम सेलही तसंच करतात म्हणे.

दावेदार
काका, हे अजिबात करू नका. ज्या दाखल होण्याचं कारण फक्त मूल्यमापन आहे त्याला Excl04 लागतं. केसपेपरवर औषध नाही, सलाईन नाही, फक्त ओटीच्या नोंदी, हे तपासणाऱ्याला पहिल्या पानावर दिसतं. वर खोटी अॅडमिशन ठरली तर पॉलिसीच रद्द होऊ शकते. ६० महिन्यांनंतर कंपनीला जुन्या माहितीवरून क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक त्यातून वगळलेली आहे.

स्टेम सेलबद्दल: पॉलिसींत तो शब्द आहे, पण रक्ताच्या आजारांत अस्थिमज्जा बदलण्यापुरता. ऑटिझम किंवा सीपीसाठी नाही.

पाटीपेन्सिल
मी मागे घेतो, पण एक मुद्दा सोडत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयआरडीएआयने प्रत्येक आरोग्य विमा कंपनीला दिव्यांगांसाठी वेगळी पॉलिसी ठेवायला सांगितलं. दिव्यांगांसाठीच्या पॉलिसीत थेरपी नसेल तर ती कशासाठी?

दावेदार
प्रश्न रास्त आहे. त्या परिपत्रकाचा हेतू दारातच नकार मिळू नये हा होता, आणि बहुतेक कंपन्यांनी तेवढंच केलं: दाखल होण्याची नेहमीची पॉलिसी, फक्त दिव्यांगांना मिळणारी. घेण्याआधी दोनच पानं वाचा, वेटिंग पिरियड आणि ओपीडी. ओपीडीचं पान नसेल तर थेरपीची आशा ठेवू नका.

सातवीणताई, तुमच्या तक्रारीचा क्रम: आधी नवी बिलं आणि चिठ्ठी लावून टीपीएकडे पुन्हा. लेखी नकार आला की विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, Excl05 च्या मजकुराचा मुद्दा घेऊन. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. टीपीएच्या फोनवरच्या नकाराला काही किंमत नाही, कलम लिहिलेला कागद किंवा ईमेल हवा.

सातवीण
केंद्राने तीन बिलं द्यायचं कबूल केलं, पण मागच्या तीन महिन्यांची 'तारखा लक्षात नाहीत, अंदाजाने टाकतो' म्हणाले.

लोकरीचा गुंडा
अंदाजाने नको. थेरपिस्टच्या रोजच्या सेशन-नोंदवहीत तारखा असतातच, आम्हाला त्या लिहाव्या लागतात. नोंदवहीची झेरॉक्स मागा आणि तिच्यावरून बिल करून घ्या. ज्या दिवसांची नोंद नाही ते दिवस सोडून द्या.

दावेदार
आणि ती झेरॉक्स क्लेमसोबतच जोडा, मागायची वाट बघू नका. चिठ्ठी कोणत्या तारखेची आहे तुमच्याकडे?

सातवीण
निदानाच्या वेळची आहे, दोन वर्षांपूर्वीची. तिच्यात 'ओटी आणि स्पीच सुरू करावे' एवढंच.

दावेदार
मग मागचे तीन महिने वादातच राहतील. काही तपासणारे ती चालवतात, काही नाही. आजच नवी घ्या, म्हणजे पुढच्या महिन्यापासूनचं तरी पक्कं. जुन्यासाठी डॉक्टरांकडून 'त्या तारखेपासून उपचार अखंड चालू आहेत' असं पत्र मिळतंय का बघा, पण आजच्याच तारखेचं. मागची तारीख घालून घेऊ नका.